पावती कशाची, दागिना कोणाचा

दागिन्यांची नोंद ठेवण्यासाठी ही वही तयार झाली आहे. तिला चार शब्द लिहून द्यावेत असं सांगण्यात आलं, तेव्हा पहिल्यांदा आठवल्या त्या पाटल्या. एका बहीणभावाच्या वादात त्या माझ्याकडे आल्या होत्या. खरं तर आल्या नव्हत्याच, कारण त्या सात वर्षांपूर्वीच आटून गेल्या होत्या. आला होता तो त्यांच्यापासून घडवलेला हार आणि सोबत तीन कागद. दागिन्यांचं मूल्यांकन हा माझा व्यवसाय आहे. विक्री, विमा आणि वाटणी या तिन्ही कारणांसाठी लोक येतात. बहुतेकांची समजूत अशी असते की बिल आहे म्हणजे सगळं सिद्ध झालं आणि बिल नाही म्हणजे सगळं गेलं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या पाटल्यांची हकीकत सांगितली की का चुकीच्या, ते कळेल. नावं-गावं सांगत नाही.

पहिला कागद १९८६चा. हाताने लिहिलेलं बिल, वडिलांच्या नावे: ‘पाटल्या जोड १, २२ कॅ., वजन ४६.६५० ग्रॅम’, खाली दर, मजुरी आणि सही. दुसरा कागद २०१४चा. पेढीने जुनं सोनं घेतल्याची पावती, ही आईच्या नावे. तिसरा त्याच दिवशीचा, हाराचं बिल, सुनेच्या नावे. आई गेल्यावर मुलगी म्हणाली, ‘‘वहिनी, तो हार आईच्या पाटल्यांचा आहे. त्यात माझाही वाटा आहे.’’ सून म्हणाली, ‘‘वन्सं, बिल माझ्या नावावर आहे, पैसे ह्यांनी भरलेत.’’ दोघी खरंच बोलत होत्या.

त्यात आणखी एक गोंधळ होता. मुलीला आठवत होतं की पाटल्या ‘चार तोळ्यांच्या’ होत्या. जुन्या सोन्याच्या पावतीवर मात्र ४६ ग्रॅमच्या वर वजन होतं. मग वरचे सहा ग्रॅम कुठले? आईने आणखी काही मोडीत घातलं का? काही लपवलं का? उत्तर साधं होतं. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, त्यामुळे चार तोळे म्हणजे ४६.६५६ ग्रॅम. आज बाजारात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात. आई जुन्या तोळ्यात बोलत होत्या आणि मुलगी नव्या तोळ्यात हिशेब करत होती. घरातल्या तोंडी आठवणी ‘तोळ्या’त असतात. म्हणून आठवणीतलं वजन वहीत उतरवताना ते कोणत्या तोळ्यातलं, हे विचारून ग्रॅममध्येच लिहावं. दागिना समोर असेल तर काट्यावर ठेवून लिहावं. संशय निम्म्याने कमी होतो.

आता दुसऱ्या कागदाकडे या. तो सगळ्यात किरकोळ दिसतो आणि बहुतेक घरांत नवा दागिना घरी आला की फेकला जातो. २०१४मध्ये पाटल्या काट्यावर भरल्या ४६.१२० ग्रॅम. अठ्ठावीस वर्षांत अर्धा ग्रॅम झिजल्या होत्या, जे स्वाभाविक आहे. भट्टीत आटवल्यावर लगड निघाली ४५.८०० ग्रॅमची. मळ आणि डाकातला काही भाग जळून गेला. लगडीचा टंच लागला ८८, म्हणजे शंभरात अठ्ठ्याऐंशी भाग शुद्ध सोनं. शुद्ध सोनं झालं ४०.३०४ ग्रॅम. २२ कॅरेट म्हणजे टंच ९१.६. त्या मापाने हे ४४ ग्रॅम होतं. हार भरला ६२.३०० ग्रॅम. म्हणजे १८.३०० ग्रॅम सोनं आणि घडणावळ एवढ्याचेच पैसे मुलाने भरले. हारातल्या सोन्याचे दहांतले सात भाग आईच्या पाटल्यांचे होते. हाराच्या बिलावर ‘वजा जुने सोने’ अशी एक ओळ आणि रक्कम होती, पण ते कुणाचं आणि कोणत्या दागिन्याचं, हे त्या ओळीत नव्हतं. ते दुसऱ्या कागदाने सांगितलं.

जाता जाता एक गोष्ट. १९८६च्या बिलावर २२ कॅरेट लिहिलं होतं आणि निघाले ८८. त्या काळात जास्त टंचाचा डाक वापरत नसत, सांध्यांमुळे एकूण टंच उतरे. ही तफावत ग्राहकाला कळायची ती दागिना मोडतानाच, आणि तेव्हा दाद मागायला फार उशीर झालेला असायचा. आज हॉलमार्कचा दागिना घेतला आणि अधिकृत तपासणी केंद्रात तो कमी शुद्धतेचा निघाला, तर भारतीय मानक ब्यूरोच्या २०१८च्या नियमांनुसार कमी भरलेल्या शुद्धतेच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च सराफाकडून मिळू शकतो. पण तो दागिना त्याच सराफाने विकला, हे दाखवायला बिलच लागतं.

एवढं गणित झालं तरी मूळ प्रश्न तसाच होता. सोनं आईचं होतं, हे ठरलं. हार सुनेचा की आईचा, हे नाही ठरलं. बिल खरेदीचा पुरावा असतं: काय घेतलं, कधी, कुठून, किती वजनाचं, कोणत्या शुद्धतेचं, काय भावाने. दागिन्याचा मालक कोण, हे बिलावरचं नाव ठरवत नाही. वडिलांच्या नावे बिल असलेल्या पाटल्या आईच्या असू शकतात, कारण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्याच्या नावे पावती फाडून बायकोच्या हातात दागिना घातला जातो. लग्नात किंवा नंतर बाईला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन, तिची स्वतंत्र मालमत्ता, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. नवरा किंवा सासू ते सांभाळत असली तरी ती केवळ विश्वस्त ठरते. बक्षीस म्हणून दिलेल्या जंगम वस्तूला नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही. वस्तू देण्याच्या इराद्याने प्रत्यक्ष हाती सोपवली तरी पुरतं. म्हणून खरा प्रश्न असा होता: आईने पाटल्या मोडायला दिल्या, त्या हार सुनेला देण्यासाठी, की घरात एक हार असावा म्हणून?

हे ठरलं एका वहीने. आईंची बाजारहाटाची वही होती, दूधवाल्याचा हिशेब लिहायची. २०१४च्या त्या आठवड्याच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं की पाटल्या मोडल्या, सूनबाईला हार केला, आणि मुलीसाठी मोहनमाळ ठेवली आहे, तिला दिवाळीला द्यायची. मोहनमाळ मुलीकडे होती. तिला ती साधी दिवाळीची भेट वाटली होती, वाटणी नव्हे. पान वाचून ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘आईने मला सांगितलं असतं तर मी इथवर आलेच नसते.’’ प्रकरण न्यायालयात गेलं नाही. गेलं असतं तर त्या पानावरचं अक्षर आईचं आहे हे कुणीतरी शपथेवर सांगावं लागलं असतं, आणि ते सांगणारी माणसं घरातच होती.

म्हणून या वहीत प्रत्येक दागिन्याच्या पानावर वजन आणि शुद्धतेच्या रकान्यांखाली ‘कोणी, कोणाला, कधी दिला’ असा रकाना आहे. दागिना देणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने भरावा आणि तारखेसह सही करावी. माझ्या मते वहीतला सगळ्यात मोलाचा रकाना हाच. लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी करण्याचा नियम तर १९८५पासून हुंडाबंदी कायद्याखाली आहे: वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधू आणि वराच्या सह्या. तरी तीस-पस्तीस वर्षांत अशी सही केलेली यादी माझ्यासमोर क्वचितच आली. लग्नाच्या दिवशी सह्या मागणं अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. पण आहेराची यादी आपण हौसेने करतोच. त्याच कागदावर दागिने लिहून दोन सह्या घेतल्या तर काम होतं.

वाटणीबाबत आणखी एक सांगून पुढे जातो. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिचे दागिने मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखे जातात. तिला मूलबाळ नसेल तर मात्र तिला वारसा म्हणून आईवडिलांकडून आलेली वस्तू वडिलांच्या वारसांकडे जाते आणि इतर मालमत्ता सासरकडे. अशा वेळी पुतळ्याची माळ माहेरच्या वारशाने आली की सासरी मिळाली, यावर सगळं अवलंबून असतं आणि त्याला जुना कागद हाच आधार असतो. गोव्यात वाट वेगळी आहे. तिथल्या नागरी कायद्यानुसार वारसांच्या वाटणीसाठी इन्व्हेंटरीची न्यायालयीन प्रक्रिया चालते आणि तिच्यात मालमत्तेची यादी दाखल करावी लागते, दागिन्यांसह. ज्या घरात आधीच यादी आहे, तिथे वाद यादीवर होत नाही, वाटणीवरच होतो.

विमा हा वेगळाच प्रश्न. इथे दागिना कोणाचा, हे कुणी सहसा विचारत नाही. तो होता का, चोरीच्या दिवशी घरात होता का आणि त्याची किंमत किती, असे तीन प्रश्न सर्वेक्षक विचारतो. बिल फक्त पहिल्याचं उत्तर देतं, तेही अर्धवट. २०१२मध्ये घेतलेला तोडा २०२३मध्ये घरात होता, हे बिल कसं सांगेल? मधल्या काळात तो मोडला असेल, लेकीला दिला असेल, बँकेच्या लॉकरमध्ये असेल. तो घरात होता, हे सिद्ध होतं आजूबाजूच्या नोंदींनी. लॉकर उघडल्याची तारीख आणि वेळ बँकेच्या नोंदीत असते. चोरीच्या आधी आठवडाभर लग्नासाठी लॉकर उघडला होता आणि त्या लग्नाच्या फोटोत तोडा हातात दिसतो, एवढं असलं तर सर्वेक्षकाचा दुसरा प्रश्न बहुधा मिटतो. लॉकरमध्ये काय ठेवलं होतं ते मात्र बँकेला माहीत नसतं. बँकेला त्याची नोंद ठेवणं बंधनकारकही नाही. लॉकरमधून चोरी झाली, आग लागली किंवा बँकेच्याच माणसाने अफरातफर केली, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या सूचनांप्रमाणे बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत राहते. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आत साठ लाखांचे दागिने होते याची सही-शिक्क्याची यादी तुमच्याकडे असली तरी ही मर्यादा बदलत नाही. ती यादी कामाची ठरते, ती तुम्ही वेगळा विमा काढला असेल तर.

किंमत हा तिसरा प्रश्न. इथेच जुनं बिल जपून ठेवणारी माणसं फसतात. विमा काढताना ती बिलावरची रक्कम लिहितात. बारा वर्षांत सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेलेला असतो, पण त्या डागापुढे विमापत्रात जी रक्कम लिहिली, तिच्या वर एक रुपया मिळत नाही. काही विमापत्रांत तर एकूण किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा असेल, तर दावा त्याच प्रमाणात कापतात. दहा लाखांच्या दागिन्यांवर पाच लाखांचा विमा असेल आणि दोन लाखांचा डाग गेला, तर हाती येतो एक लाख. म्हणून बिल खरेदीच्या पुराव्यासाठी ठेवावं आणि किमतीसाठी दर दोन-तीन वर्षांनी मूल्यांकनाचा नवा दाखला घ्यावा. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रात मौल्यवान वस्तूंसाठी ठरलेल्या किमतीवर घेता येणारं ऐच्छिक संरक्षण आहे. एकेका वस्तूची किंमत एक लाखाच्या आत आणि एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे दाखला लागत नाही. त्यापुढे लागतो. घरफोडीचा धोका मात्र वेगळा विचारून घ्यावा. त्या विमापत्राच्या मूळ संरक्षणात तो धरून चालू नये.

चोरी झाल्यावर एक चूक वारंवार होते. घाबरलेल्या अवस्थेत फिर्याद देताना माणूस सांगतो, ‘‘एक हार, अंदाजे सहा तोळ्यांचा.’’ चार दिवसांनी बिल सापडतं, त्यावर ७१.४०० ग्रॅम असतात. मग पुरवणी जबाब द्यावा लागतो आणि विमा कंपनी विचारते की आधी कमी का सांगितलं. वजन, नग, कडीचा प्रकार, मीना, खुणा एवढं वहीतून वाचून दाखवलं तर फिर्याद पहिल्या दिवशीच नेमकी होते. त्याचा दुसरा उपयोग चोर सापडल्यावर कळतो. दागिना अखंड मिळाला तर मुद्देमाल म्हणून जप्त झालेली वस्तू आपलीच आहे अशी ओळख पटवून ती न्यायालयाकडून सोडवून घ्यावी लागते. त्या वेळी बिलापेक्षा जवळून काढलेला फोटो जास्त बोलतो: फासा कसा आहे, डाक कुठे लागला आहे, सराफाचा छाप कुठे उठला आहे. चोरट्याने दागिना आटवून लगड केली असेल तर फोटो निरुपयोगी. मग आधार उरतो तो वजनाचा, टंचाचा आणि तारखांच्या जुळणीचा.

विक्रीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे बिलाकडून लोकांची अपेक्षा जास्त आणि बिलाची ताकद कमी. बिल आहे म्हणून सराफ टंच न तपासता पैसे देत नाही. तो यंत्राखाली धरतो, गरज पडली तर आटवतो. घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाहीत. बिलाचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, वस्तू चोरीची नाही याचा भरवसा मिळतो. चोरीचा माल घेतल्याचा आरोप कोणत्याही सराफाला नको असतो. दोन, निव्वळ वजन. बोरमाळेचंच बघा. तिचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. काट्यावर ३८ ग्रॅम भरलेल्या माळेत सोनं २२ ग्रॅमच असू शकतं. बिलावर एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं असेल, तर मोडताना ‘लाख किती वजा करायची’ हा वाद उरत नाही. नसेल तर समोरचा म्हणेल तो आकडा. ठुशी, कोल्हापुरी साज, खड्यांच्या कुड्या या सगळ्यांना हेच लागू. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात नगाचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेटसह शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क लिहिलेलं असायलाच हवं. नसेल तर दुकानातून बाहेर पडण्याआधी लिहून घ्यावं.

विक्रीवरच्या करासाठीही जुनी पावती लागते. वारशाने किंवा भेट म्हणून मिळालेला दागिना विकला, तर देणाऱ्याने मुळात किती किमतीला घेतला होता, तो आकडा खर्च म्हणून धरतात. १ एप्रिल २००१पूर्वीचा असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते. त्या हारासारखा मोडून केलेला दागिना असेल, तर हा हिशेब मोडीच्या पावतीशिवाय जुळत नाही. ती पावती फेकू नका, असं मी पुन्हा सांगतो.

आता एचयूआयडीविषयी, कारण त्याने पूर्वीची एक मोठी अडचण सोडवली आहे. जुन्या बिलावर लिहिलेलं असे ‘हार १’. तो हार हाच, हे कशावरून? १ जुलै २०२१पासून हॉलमार्कच्या प्रत्येक नगावर सहा अक्षरांचा-अंकांचा वेगळा क्रमांक कोरला जाऊ लागला आणि १ एप्रिल २०२३पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की सराफ, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्क झाल्याची तारीख दिसते. तो क्रमांक बिलावर असेल तर कागद आणि वस्तू एकमेकांना बांधले जातात. मालकाचं नाव मात्र त्यात नसतं. दोन ग्रॅमच्या आतले नग आणि कुंदन, पोलकी, जडावाचे दागिने यांना ही सक्ती नाही. बांगडी कापून लहान केली किंवा दुरुस्तीत तो भाग बदलला, तर कोरलेला क्रमांक जाऊ शकतो. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी क्रमांकाचा फोटो काढावा आणि दुरुस्तीची चिठ्ठीही वहीत लावावी.

कागद टिकवण्याबद्दल दोनच गोष्टी. हल्लीची बरीच बिलं उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात. ती काही वर्षांत पुसट होतात, आणि जपायच्या हेतूने लॅमिनेट केली तर उष्णतेने एका क्षणात काळी पडतात. त्याच दिवशी साधी झेरॉक्स काढावी आणि मूळ कागद तिच्या मागे लावावा. दुसरं, पेढीकडे नक्कल असेलच, यावर विसंबू नये. जीएसटीच्या नियमाप्रमाणे हिशेब ठेवण्याची मुदत वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने आहे. त्यानंतर पेढीने नोंद जपली असेल तर ते तिचं सौजन्य.

ज्यांच्याकडे एकही बिल नाही, त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी कोरी पानं आहेत. आजीची नथ, पणजीचे गोठ, कुणी घडवले ते सांगणारं कुणी उरलेलं नाही, अशा डागांसाठी. मूल्यांकनाचा दाखला त्यांचं आजचं वजन आणि टंच सांगेल, पण ते कुठून आले हे सांगू शकणार नाही. ते घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून लिहावं: कोणाचं, कोणाच्या लग्नातलं, कोणाकडे ठेवायचं. त्यांचा अंगठा किंवा सही घ्यावी, तारीख घालावी आणि नात्याबाहेरच्या दोघांना साक्षीदार करावं. काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या ब्याण्णव वर्षांच्या आईला घेऊन आले होते. आजींनी नथ हातात घेतली, मोती बोटाने फिरवून पाहिला आणि सांगितलं, ‘‘हा मोती नंतर बसवलाय. मूळचा माझ्या थोरल्या जावेकडे आहे, तेही लिहा.’’ आम्ही तेही लिहिलं.